भट्टीवरून रंकाळ्यावर

जानेवारीतल्या पहाटे सहाला माझा मामेभाऊ शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून पंच करून बाहेर पडतो. अजून अंधार असतो. नळाखाली हात-तोंड धुऊन तो पायातले जाड बूट काढतो आणि डिकीतले पळायचे बूट चढवतो. मोटरसायकल पंचगंगेचा पूल ओलांडून गावात शिरते आणि साडेसहाच्या सुमाराला रंकाळ्याच्या कठड्यापाशी थांबते. तो पाच मिनिटं नुसता चालतो आणि मग पळायला लागतो. इतका सावकाश, की तालमीतली पोरं बोलत बोलत त्याला मागे टाकून जातात. संध्यामठाच्या बाजूने, शालिनी पॅलेसवरून, चार-साडेचार किलोमीटरची एक फेरी. ऊन यायच्या आत तो शिवाजी पेठेतल्या घरी पोचलेला असतो. सव्वाआठला झोपतो.

आम्ही त्याला दादा म्हणतो. गेली चौदा वर्षं तो भट्टीवर आहे. पाळी दर आठवड्याला बदलते : एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. मेल्टिंगचा मोठा भाग नाईटला होतो आणि त्यामागे विजेचा हिशेब आहे. एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सहाशे युनिट वीज लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या युनिटला अनेक वर्षं सवलत होती, म्हणून फाउंड्र्यांनी भट्ट्या रात्रीवर नेल्या. बिल वाचलं. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची झोप मात्र कुठल्याच बिलात येत नाही.

पळायला लागण्याआधीची त्याची नाईटची सकाळ मी पाहिलेली आहे. पावणेसातला घरी यायचा, चहा घ्यायचा, पेपर चाळायचा आणि आडवा व्हायचा. डोळे मिटले तरी झोप येत नसे. इंडक्शन भट्टीचा एक अखंड घुमणारा आवाज असतो. तो कानातून जात नसे. साडेचौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला रस भट्टीतून लॅडलमध्ये घ्यायचा आणि साच्यांपर्यंत न्यायचा, हे काम आठ तास करताना एक क्षणही बेसावध राहून चालत नाही. ओलसर भंगाराचा एक तुकडा भट्टीत पडला तरी रस उसळून अंगावर येतो. शरीर त्या सावधपणातून गेट ओलांडल्याबरोबर बाहेर येत नाही. "घरी आलं तरी डोक्यात भट्टीच घुमत असत्या," दादा म्हणायचा. "पडलं की हात आपोआप लॅडल धरल्यासारखं ताठ होत्यात." नऊला कधीतरी डोळा लागायचा, साडेबाराला उघडायचा. साडेतीन तासांच्या झोपेवर सहा रात्री. दुपारी पोरांवर ओरडायचा आणि नंतर स्वतःच गप्प बसून राहायचा. वहिनी पोरांना घेऊन शेजारी जाऊन बसायची.

पळणं ठरवून सुरू झालं नाही. एका पहाटे घरी जाऊन ओरडण्यापेक्षा थोडा वेळ बाहेर बसावं म्हणून तो रंकाळ्यावर थांबला. बसवेना, म्हणून चालला. चालताना थंडी वाजली, म्हणून थोडा पळाला. कामाच्या बुटात, पँटवरच, शंभर-दोनशे पावलं. त्या दिवशी घरी आला तेव्हा कानातला आवाज बसलेला होता. पुढच्या पहाटे तो पुन्हा थांबला.

ही शांतता येते कुठून, याचं उत्तर अलीकडे थोडं बदललं आहे. पळाल्यावर एंडॉर्फिन वाढतं आणि म्हणून बरं वाटतं, असं आपण बरीच वर्षं ऐकत आलो. रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं हे खरंच आहे. पण ते रेणू आकाराने मोठे असतात आणि रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाहीत. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांवर आणि २०२१ साली माणसांवर हे तपासून पाहिलं. माणसांच्या प्रयोगात त्यांनी एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध दिलं आणि मग पळायला लावलं. औषध घेऊनही पळणाऱ्यांना हलकं वाटलं, मनावरचा ताण उतरला. म्हणजे काम दुसरंच काहीतरी करत होतं. संशय आहे तो एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या पदार्थांवर. शरीर ते स्वतःच तयार करतं, ते चरबीत विरघळतात, आणि म्हणून मेंदूत सहज पोचतात. मध्यम गतीने अर्धा-पाऊण तास पळालं की रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं.

दादाला यातला एकही शब्द माहीत नव्हता आणि त्याचं त्यावाचून काही अडलंही नाही. त्याचं स्पष्टीकरण वेगळं आहे आणि मला तेही तितकंच खरं वाटतं. "भट्टीवर सुपरवायझर बघतोय, घरी पोरं वाट बघत्यात. मधल्या अर्ध्या तासात कुणी काय विचारत नाही बघ." पावलांचा आवाज एकसारखा येत राहतो, श्वास त्याला धरून चालतो, आणि आठ तास बाहेर लागलेलं लक्ष हळूहळू अंगात परत येतं. पाण्यावर धुकं असतं. गंगावेशीत म्हशी बांधून धारोष्ण दूध काढून द्यायची वेळ असते. परतताना तो कधी तिथे उभ्या उभ्या पेलाभर घेतो.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही आवडेल. पण ती इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता, कारण पुढच्या तीन महिन्यांत हेच पळणं दादाच्या अंगाशी आलं.

थंडी सरली तसा त्याचा उत्साह वाढला. एकाच्या दोन फेऱ्या झाल्या. तालमीतल्या पोरांबरोबर तो जोरात पळू लागला. एप्रिलपर्यंत वजन तीन किलो उतरलं आणि लोक वाखाणू लागले. झोप मात्र पुन्हा साडेतीन तासांवर आली होती आणि चिडचिडही परतली होती. अंग इतकं दमलेलं असून डोळा लागत नव्हता. त्याला वाटलं, पळणं कमी पडतंय. म्हणून त्याने आणखी वाढवलं.

त्याची चूक साधी होती आणि बहुतेक रात्रपाळीवाले ती करतात. सकाळी उठून पळणाऱ्याला जे लागू पडतं तेच आपल्याला लागू आहे, असं त्याने धरलं. पण सकाळी उठून पळणाऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. रात्रपाळीवाल्याचा दिवस पहाटे संपतो. दादाची सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे तुमची-माझी रात्री दहाची वेळ. त्या वेळेला तुम्ही-मी जेवून शतपावली करू. भर उन्हात दहा किलोमीटर धावून लगेच गादीवर पडणार नाही.

यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, एक उष्णतेची आणि एक उजेडाची. उष्णतेची सोपी आहे. झोप यायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. जोरात पळालं की ते वाढतं, आणि पुन्हा खाली यायला तास-दीड तास लागतो. दम लागेपर्यंत केलेला व्यायाम संपल्यापासून तासाभरात झोपलं तर झोप उशिरा लागते. हलक्या व्यायामाने असं होत नाही, उलट बहुतेकांना तो झोपेला मदतच करतो. त्यात दादा तर आठ तास भट्टीच्या धगीत उभा राहून आलेला. त्याचं अंग आधीच तापलेलं असतं.

उजेडाची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरासा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. शरीराचं घड्याळ ते हेच. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. घड्याळ आपलं आपण चालतं, पण त्याला रोज वेळ लावून देतो तो उजेड. आणि एकच उजेड वेगवेगळ्या वेळी उलटसुलट परिणाम करतो. दिवसा जागणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. त्या क्षणाच्या आधी तीव्र उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. त्या क्षणानंतर पडला तर घड्याळ पुढे सरकतं आणि शरीर म्हणतं, दिवस उगवला, आता जागं राहायचं.

आता दादाचा एप्रिल डोळ्यांपुढे आणा. सहाला सुटून साडेसहाला रंकाळ्यावर. एप्रिलमध्ये कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो. दोन फेऱ्या म्हणजे पाऊण तासाहून जास्त वेळ कोवळं ऊन तोंडावर. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो. उघड्यावर सूर्य थोडा वर आला की तो दहा हजारांच्या पुढे जातो. रात्रभर जे शरीर थोडंफार मागे सरकायला लागलेलं असायचं, त्याला हा उजेड रोज सकाळी ओढून पुन्हा दिवसावर आणत होता. नेमकी झोपायची वेळ झाली की त्याच्या मेंदूला सकाळ झाल्याची वर्दी मिळायची. जानेवारीत असं होत नव्हतं, कारण तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावर उगवत होता आणि तो घरी पोचलेला असायचा. थंडीतल्या पळण्याने त्याला दिलेली शांतता खरी होती. त्या शांततेत अंधाराचाही वाटा होता, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

या सगळ्याचा उलगडा मे महिन्यातल्या एका सकाळी झाला, आणि तो काही वाचून झाला नाही. दादा मोटरसायकलवरून रंकाळ्यावर येऊन थांबला आणि त्याच्या ध्यानात आलं, की पंचगंगेचा पूल कधी ओलांडला हे आपल्याला आठवत नाही. महामार्ग, पूल, तावडे हॉटेलचा चौक यातलं काहीच नाही. तो तिथेच कठड्यावर बसला आणि मला फोन केला. मी त्याला न्यायला गेलो. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे दारूचे एक-दोन पेग घेतलेल्या माणसासारखे चुकतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. दादा आदल्या दुपारी साडेबारापासून जागा होता, म्हणजे साधारण अठरा तास. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी वही घेऊन त्याचा आठवडा मांडला. मी झोपेच्या शास्त्राविषयी जे वाचलं होतं ते सांगत गेलो, त्याला जे जमणार नव्हतं ते तो खोडत गेला. आमच्या हाती आलेली एक गोष्ट शिकागोच्या संशोधक शार्मेन ईस्टमन यांच्या कामातली होती. रात्रपाळीवाल्याने पूर्ण रात्रीचा प्राणी होण्याचा हट्ट सोडावा, असं त्यांचं म्हणणं. सुट्टीच्या दिवशी माणसाला घरच्यांबरोबर दिवसाच राहायचं असतं. तेव्हा घड्याळ अर्धवट मागे न्यावं, एवढं की तापमानाचा तो तळ पहाटेच्या ऐवजी सकाळी दहाच्या सुमाराला, म्हणजे झोपेत असताना यावा. त्यासाठी रात्री कामावर भरपूर उजेड, सकाळी घरी जाताना डोळ्यांवर गडद चष्मा आणि झोपायच्या खोलीत मिट्ट काळोख. एका आठवड्याच्या पाळीत हे पूर्ण साधत नाही. दादाची नाईट सहा रात्रींची, मग पाळी बदलते. पण उजेड अडवण्याचा भाग पहिल्या सकाळपासून उपयोगी पडतो.

मांडलेला आठवडा असा. थंडीत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटेचं पळणं ठेवायचं. एकच फेरी, तीस-पस्तीस मिनिटं, आणि सूर्य वर यायच्या आत घरी. गती ठरवायची बोलण्यावरून : पळता पळता एक अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. दादाच्या बाबतीत ही गती किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटं निघाली. तालमीतल्या पोरांबरोबर पळायचं नाही. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ. कोमट पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. गार पाण्याने तरतरी येते, ती या वेळी नको. मग भाकरी-भाजी किंवा दूध-पोहे, पोटाला जड होणार नाही इतपतच. मिसळ सुट्टीच्या दिवशी. सव्वाआठला अंथरुण, खिडकीला जाड गोधडी, फोन वहिनीकडे. दीडपर्यंत झोप. रात्री कामावर जाण्याआधी आठ वाजता आणखी पाऊण तास. दोन्ही मिळून सहा तास होतात. आदर्श नाहीत, पण साडेतीनच्या तुलनेत फार आहेत.

मार्च ते ऑक्टोबर नाईटच्या आठवड्यात पहाटे पळायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मेअखेरीला सूर्य सहालाच उगवतो, तेव्हा सहाला सुटणाऱ्याला अंधार मिळायचाच नाही. ढगाळ पावसाळी आकाशाचा उजेडही घरातल्या उजेडाच्या कित्येक पट असतो. या महिन्यांत दादा दुपारी उठल्यावर, सहाच्या सुमाराला पळतो. ती त्याची खरी सकाळ. पहाटेचं पळणं फर्स्ट आणि सेकंडच्या आठवड्यांत चालू राहतं. तेव्हा तो रात्री झोपलेला असतो आणि पहाटेचा उजेड त्याच्या फायद्याचा असतो. हा भाग त्याला सगळ्यात जड गेला. "पहाटेचंच खरं समाधान असतंय रे," असं तो आजही म्हणतो. मी वाद घालत नाही. पण उन्हाळ्यात पहाटे रंकाळ्यावर जातही नाही.

गडद चष्म्याबद्दल एक खबरदारी. पहाटेच्या अंधुक उजेडात मोटरसायकल चालवताना तो घालू नये. रस्ता दिसत नाही आणि झोपही जास्त येते. ऊन पडल्यावर आणि डोळे जड नसतील तरच. दादा पळताना पुढे टोक असलेली टोपी घालतो आणि मान थोडी खाली ठेवतो. चष्मा उन्हाळ्यात, घरी जाताना.

चहाचाही हिशेब करावा लागला. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारच्या चहाचा निम्मा अंश नऊला अंगात असतोच. दादा आता शेवटचा चहा एकला घेतो. तीनच्या सुट्टीत वीस मिनिटं डुलकी काढतो. तिथला सुपरवायझर समजूतदार आहे. डुलकीतून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं सुस्ती असते, तेवढ्यात तो रसाजवळ जात नाही, नमुन्याच्या तपासणीचं काम करतो.

भट्टीवरच्या माणसाला आणखी एक धोका असतो, जो ऑफिसात किंवा कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला इतका नसतो. पाणी. फाउंड्रीत वजनकाटा असतोच. आम्ही ठरवलं की पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी, घाम पुसून, त्यावर उभं राहायचं. पहिल्याच रात्री दादाचं वजन ६८ किलोवरून ६६.६ वर आलेलं होतं. मधे पाणी पिऊनही एक किलो चारशे ग्रॅम कमी, म्हणजे अंगाच्या दोन टक्क्यांहून थोडं जास्त. एवढं पाणी गेलेलं असताना पळालं की हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांनी करावं लागतं. हलकं पळणंही जोरात पळाल्यासारखं पडतं. दादाला थंडीतसुद्धा काही दिवशी पाय शिशासारखे का वाटायचे, ते तेव्हा कळलं. आता तो पाळीत दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी घेतो आणि मीठ घातलेलं ताक बाटलीतून नेतो. फारच घाम गेला असेल तर साखर-मिठाचं पाणी : एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. काट्यावर दोन टक्क्यांहून जास्त घट दिसली, किंवा लघवी गडद पिवळी असली, तर त्या सकाळी पळणं नाही.

न पळण्याची कारणं लिहून ठेवणं हे पळण्याच्या वेळापत्रकाहून जास्त उपयोगी ठरलं. दादाच्या वहीत ती एका पानावर आहेत. वजनाचं सांगितलं. दुसरं, रस्ता आठवत नाही, जांभया थांबत नाहीत, सिग्नलला गाडी थांबवल्यावर डोळे मिटतात : असं झालं तर गाडी बाजूला घेऊन कुणाला तरी बोलवायचं. पळून झोप उडवायची नाही. पळाल्याने वीस-पंचवीस मिनिटं तरतरी येते, पण झोपेची थकबाकी जशीच्या तशी राहते आणि ती घरी जाताना रस्त्यात गाठते. तिसरं, नाडी. दुपारी उठल्यावर अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून तो मिनिटभर ठोके मोजतो. त्याचे एरवी ५८ ते ६० भरतात. सलग दोन दिवस ६८ च्या पुढे गेले, की दोन दिवस नुसतं चालणं. एकदा असे वाढले आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. शरीराने आधी सांगितलेलं होतं. चौथं कारण छातीचं. पळताना छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, तर पळणं तिथल्या तिथे थांबवून सरळ दवाखाना गाठायचा. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त आढळतात. चाळिशीच्या पुढच्या माणसाने पळायला सुरुवात करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घेतलेलं बरं. दादाने करून घेतलं. साखर काठावर निघाली.

हे सगळं करूनही एक मर्यादा राहते आणि ती मला झाकायची नाही. पळण्याने रात्रपाळी निरोगी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवलं, आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी ती नोंद पुसली जाणार नाही. दर आठवड्याला पाळी बदलत राहिली तर शरीराला सवय लागत नाही. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांतही ज्यांचं घड्याळ पूर्ण फिरतं अशी माणसं फार थोडी. निदान पाळी फिरवण्याची दिशा तरी बदलता येते : फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट, अशी पुढे पुढे जाणारी. झोप पुढे ढकलणं शरीराला मागे ओढण्यापेक्षा सोपं जातं. दादाच्या कारखान्यात आधी उलटा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी कामगारांनी मागितलं आणि तो बदलला. त्याला पैसा लागला नाही.

दादा आता सेहेचाळीस वर्षांचा आहे. स्पर्धेत तो कधी उतरलेला नाही आणि त्याला उतरायचंही नाही. नाईटच्या आठवड्यात तो सहापैकी तीन किंवा चार सकाळीच पळतो. पहिली आणि शेवटची रात्र नेहमी सोडतो. पहिली यासाठी, की आदल्या दिवसाची झोप धड झालेली नसते. आणि शेवटची यासाठी, की त्या सकाळी तो फक्त दोन-अडीच तास झोपतो, दुपारी उठून पोरांबरोबर राहतो आणि रात्री लवकर झोपून पुन्हा दिवसावर येतो. सुरुवातीला वहिनीला वाटायचं, बाहेर पळायला ताकद आहे आणि घरात बोलायला नाही. आता ती म्हणते, "पळून आले की दारातनं आत येतानाच कळतंय, माणूस घरी आलाय."

गेल्या जानेवारीत मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. त्याच्या गतीने पळणं मला सुरुवातीला अवघड गेलं, इतकं ते सावकाश होतं. शालिनी पॅलेसच्या समोर आलो तेव्हा पूर्वेला नुसतं तांबडं फुटलं होतं. मी थांबून बघायला लागलो. दादा थांबला नाही. टोपीचं टोक खाली ओढून तो पुढे गेला आणि मी गाठल्यावर एवढंच म्हणाला, "तू बघ. मला झोपायचं हाय."

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. थंडीच्या दिवसांत साडेसहा-सातच्या दरम्यान टोपी खाली ओढून, अगदी सावकाश पळणारा, कुणाशी न बोलणारा माणूस दिसला, तर त्याला गप्पांना थांबवू नका. आणि तुमच्या गल्लीत असा कुणी राहत असेल, तर सकाळी आठ ते दुपारी दीडपर्यंत त्याच्या दाराची बेल वाजवू नका.